जुना कीबोर्ड घेताना: एकसष्ट पट्ट्या तपासायच्या कशा आणि भाव ठरवायचा कसा

मार्च संपत आला की नाशिकमध्ये जुने कीबोर्ड विकायला निघतात. मुलगा दहावीत जाणार असतो, मुलगी पुण्याला इंजिनीअरिंगला निघालेली असते, नाहीतर घर बदलायचं असतं आणि पलंगाखालचं ते लांबलचक खोकं आता कोणालाच नको असतं. जूनमध्ये क्लास सुरू झाले की उलटं होतं. घेणारे वाढतात आणि त्याच कीबोर्डला हजार-दीड हजार जास्त सांगितले जातात. मी इथे बरीच वर्षं मुलांना कीबोर्ड शिकवते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला कोणीतरी पालक फोनवर फोटो दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, हा घेऊ का?"

फोटोवरून त्याचं उत्तर देता येत नाही. कीबोर्डमधलं जे बिघडतं ते बहुतेक सगळं पट्ट्यांच्या खाली असतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारं वाद्य आतून निकामी असू शकतं. गिटारची मान वाकलेली असेल तर नजरेला दिसते, इथे तसं काही नाही. पण हातात अर्धा तास, एक कोरा कागद आणि पेन असेल तर विकणाऱ्याच्या घरी, काहीही न उघडता, आत काय झालंय याचा बराच अंदाज घेता येतो. ती पद्धत इथे सांगते. मुलांच्या क्लाससाठी सगळ्यात जास्त घेतला जातो तो ६१ पट्ट्यांचा, हाताच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा करणारा कीबोर्ड. हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

पट्टीखाली काय असतं

एवढं समजून घेतलं की पुढची तपासणी पाठ करावी लागत नाही. प्रत्येक पट्टीच्या खाली रबराचा एक लहान घुमट असतो आणि त्याच्या आत काळ्या कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी दाबली की आधी एक ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि क्षणार्धाने दुसरा टेकतो. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला ते कीबोर्ड मोजतो. वेळ कमी गेला म्हणजे पट्टी जोरात दाबली, जास्त गेला म्हणजे हळू. तुमच्या बोटाचा जोर त्याला असा कळतो. जोर मोजणारा वेगळा काटा आत कुठेही नसतो.

आता यातल्या एका ठिपक्याखाली धूळ बसली किंवा कार्बन झिजला, तर वेळेचा हिशेबच बिघडतो. अशी पट्टी कधी वाजतच नाही, कधी हळू दाबूनही एकदम किंचाळल्यासारखी वाजते, तर कधी दोन-तीनदा दाबल्यावर एकदा वाजते. हा दोष दुरुस्त होतो. कीबोर्ड उघडून रबराच्या पट्ट्या काढायच्या, सर्किटचा तेवढा भाग आणि कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायचे आणि पुन्हा बसवायचं. काम वेळखाऊ आहे, पण महाग नाही.

महाग पडतो तो दुसरा दोष. एकसष्ट पट्ट्यांसाठी एकसष्ट स्वतंत्र तारा नसतात. पट्ट्यांचे गट करून आडव्या-उभ्या जाळीसारख्या मोजक्याच रेषा काढलेल्या असतात आणि एका रेषेवर अनेक पट्ट्या अवलंबून असतात. त्यातली एक रेषा तुटली, सर्किट गंजलं किंवा जोडणारी चपटी केबल निसटली, की एकाच वेळी बऱ्याच पट्ट्या जातात. त्या ठराविक अंतराने जातात, नाहीतर एक सलग गटच्या गट जातो. अल्कोहोल लावून हे सुधारत नाही. नवं सर्किट जुन्या मॉडेलसाठी मिळेलच असं नाही आणि मिळालं तरी खर्च वाद्याच्या भावाच्या जवळ जातो.

म्हणून 'पट्टी वाजत नाही' एवढं कळून उपयोग नाही. कोणकोणत्या पट्ट्या वाजत नाहीत आणि त्यांची मांडणी कशी आहे, ते पाहायचं.

हे मी पैसे घालवून शिकले. शिकवायला लागले तेव्हा क्लाससाठी एक जुना कीबोर्ड घेतला होता. पाच पट्ट्या बंद होत्या. विकणाऱ्याने सांगितलं, "धूळ आहे, साफ केलं की सुरू होतील," आणि मला ते पटलं. साडेसहा हजार दिले. घरी आणून नीट मोजलं तेव्हा लक्षात आलं की बंद पट्ट्यांमधलं अंतर सारखंच आहे, दर आठवी पट्टी. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी उघडून दाखवलं. बॅटरीच्या खणातून गळलेलं पाणी सर्किटवर पसरून एक रेषा खाऊन गेलं होतं. त्यांनी बारीक तार जोडून पाहिली, दोन महिने चाललं आणि पुन्हा बंद पडलं. तेव्हापासून कागद-पेन घेतल्याशिवाय मी कीबोर्ड बघायला जात नाही.

जाण्याआधी

फोनवर तीन गोष्टी विचारा: पूर्ण मॉडेल नंबर, ॲडॅप्टर मूळचा आहे का, आणि बिल आहे का. मॉडेल नंबर कळला की कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या. यामाहा आणि कॅसिओ दोघांचीही जुन्या मॉडेलची मॅन्युअल फुकट मिळतात. त्यात 'टच रिस्पॉन्स', म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय, कुठल्या बटणाने चालू-बंद होते ते आधीच शोधून ठेवा. पुढे सगळ्यात जास्त तेच लागणार आहे.

दुकानात जाऊन किंवा फोन करून त्याच श्रेणीतल्या आजच्या नव्या मॉडेलचा भावही विचारून ठेवा. ऑनलाइन छापलेली कमाल किंमत उपयोगाची नाही. दुकानदार प्रत्यक्ष किती घेईल तो आकडा हवा.

वाद्य न बघता एक रुपयाही पाठवू नका. 'मी सैन्यात आहे, देवळाली कॅम्पला पोस्टिंग आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय, आधी गेटपासचे पैसे टाका' असे मेसेज नाशिकमधल्या पालकांना आलेले आहेत. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात, पण तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

बघायला दिवसा जा. सोबत कागदावर एकसष्ट खुणांची ओळ काढून न्या, खाली पांढऱ्या ३६ आणि वर काळ्या २५. एक हेडफोन आणि फोनमध्ये ट्यूनर ॲप एवढं पुरे.

सुरू करण्याआधी नुसतं बघा

कीबोर्ड टेबलावर ठेवा आणि खाली वाकून डोळे पट्ट्यांच्या पातळीवर आणा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं की सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एखादी खाली बसलेली किंवा वर उचललेली असेल तर तिचा पाया तडकलाय किंवा खाली काहीतरी अडकलंय. कागदावर तिची वेगळी नोंद करा.

मग तो उलटा करा. मऊ चादरीवर उलटा करा, नाहीतर वरची चाकं आणि बटणं दबतात. बॅटरीचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल आत गळलेले आहेत. पूड फक्त स्प्रिंगवर असेल तर घासून निघते. पण खणाच्या कडेने आत ओघळल्याच्या खुणा असतील तर माझ्या त्या पहिल्या कीबोर्डची गोष्ट आठवा.

तळाचे स्क्रूही बघा. नाशिकसाठी मला हे विशेष सांगावंसं वाटतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली आणि काठच्या कितीतरी घरांत, दुकानांत पाणी शिरलं. भिजलेलं वाद्य वाळवून कधी सुरू होतंही, पण आतला गंज थांबत नाही. अनेक स्क्रूंच्या डोक्यांवर सारखाच तांबूस गंज, स्पीकरच्या जाळीच्या आतल्या बाजूला मातकट रेघ आणि पट्ट्यांच्या फटीत वाळलेल्या चिखलाची बारीक किनार, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मी तो कीबोर्ड सुरूसुद्धा करत नाही. एखाद-दुसरा गंजका स्क्रू मात्र पावसाळ्यातल्या दमट हवेनेही होतो, त्याला घाबरू नका.

अनुक्रमांकाचं स्टिकरही तळालाच असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

ॲडॅप्टर

ॲडॅप्टर लावण्याआधी त्याच्यावरचं वाचा. यामाहाच्या या वर्गातल्या कीबोर्डना सहसा १२ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भागात अधिक असतो. कॅसिओच्या अनेक जुन्या मॉडेलना ९ व्होल्ट लागतात आणि मधला भाग उणे असतो, म्हणजे नेमकं उलटं. पिन दोन्हीकडे बसल्यासारखी वाटते, म्हणून कोणीतरी घरातला कुठलाही ॲडॅप्टर लावतं आणि वाद्य कायमचं जातं. कीबोर्डच्या पिनशेजारी व्होल्ट आणि अधिक-उणेचं चित्र छापलेलं असतं. तेच चित्र ॲडॅप्टरवर असलं पाहिजे.

सुरू केल्यावर एक सूर धरून पिन हलकेच हलवा. आवाज तुटला किंवा कीबोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर आतला सॉकेट सैल झालाय. पुन्हा झाळून घेता येतो, फार खर्च येत नाही, पण भावातून वजा करायचा. तपासणीच्या पूर्ण अर्ध्या तासात कीबोर्ड बंद करू नका, काही दोष वाद्य तापल्यावरच दिसतात. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये अर्धा तास हात न लावल्यास आपोआप बंद होण्याची सोय असते. ती सोय आहे, दोष नाही.

मुख्य तपासणी: एकसष्ट पट्ट्या

विकणारे बहुतेक वेळा कीबोर्ड आधीच सुरू करून, एखादी लय लावून ठेवतात. लय बंद करायला सांगा. मग आवाजांच्या यादीतला पहिला पियानो निवडा. व्हायोलिन, ऑर्गन, बासरी नको, त्यांत पट्टीचा दोष लपतो. व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा.

आता टच रिस्पॉन्स चालू आहे का ते बघा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टच बंद असला की प्रत्येक पट्टी एकाच ठराविक जोराने वाजते, मग तिचा वेळेचा हिशेब कितीही बिघडलेला असो. किंचाळणारी पट्टी शहाण्यासारखी वाजू लागते. कोणी मुद्दाम बंद करतं असं मी म्हणत नाही, लहान मुलांच्या हातून ते बटण सहज दाबलं जातं. पण तपासणी टच चालू करूनच करायची. खात्री करायला मधली एक पट्टी अगदी हळू आणि मग जोरात दाबा. दोन्ही आवाज सारखेच आले तर टच बंद आहे, किंवा त्या कीबोर्डला ती सोयच नाही. सोयच नसेल तर ते खेळणं आहे, शिकायला घेऊ नका.

मग डाव्या टोकापासून सुरुवात करा. प्रत्येक पट्टी तीनदा दाबा: दोनदा अगदी हळू आणि एकदा मध्यम जोराने. हळू म्हणजे झोपलेल्या बाळाच्या पाठीवर बोट टेकवावं इतकं हळू. जोरात दाबल्यावर मळलेली पट्टीही वाजते, हळू दाबल्यावरच ती पकडली जाते. आधी सगळ्या पांढऱ्या, मग सगळ्या काळ्या. काळ्या पट्ट्या कोणी तपासत नाही आणि क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच त्यांची गरज पडते.

कागदावर तीनच खुणा करा. वाजली नाही तर फुली, शेजारच्यांपेक्षा फार मोठी वाजली तर बाण, आणि कधी वाजते कधी नाही तर टिंब. बोटाला पट्टी घासल्यासारखी वाटली, उशिरा वर आली किंवा खाली टेकताना प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्यासारखा टक्क आवाज आला, तर त्याची वेगळी नोंद करा. तो यांत्रिक दोष आहे. खालची फेल्टची पट्टी झिजली की असा टकटकाट होतो. सगळ्या पट्ट्यांना थोडा असेल तर ते वय समजा, एकाच पट्टीला फार असेल तर तिचा पाया तुटत आलाय.

आता कागद समोर धरा आणि खुणांची मांडणी वाचा.

खुणा विखुरलेल्या आणि बहुतेक मधल्या दोन सप्तकांत असतील, तर ती वापराची धूळ आणि झीज आहे. साफसफाईने सुधारण्याची शक्यता चांगली. शेजारशेजारच्या तीन-चार पट्ट्या एकत्र बिघडल्या असतील आणि त्या जागी पट्ट्यांच्या कडा चिकट लागत असतील, तर चहा किंवा सरबत सांडलंय. साखर आत गेलेली असते. तेही साफ होतं, पण वेळ जास्त लागतो आणि एखाद्या पट्टीचं रबर बदलावं लागू शकतं. फुल्या काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्यावर दर सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या जागी येत असतील, किंवा खालचा सलग सहा-बारा पट्ट्यांचा गट पूर्ण मुका असेल, तर रेषेचा दोष धरायचा. कधीकधी नुसती केबल निसटलेली निघते आणि पाच मिनिटांत काम होतं, हे खरं आहे. पण उघडल्याशिवाय ते कळत नाही आणि पैसे तर आधी द्यायचे असतात. अशा वेळी मी विकणाऱ्यालाच सांगते, "तुम्ही दुरुस्त करून घ्या, मी त्यानंतर पूर्ण भावाने घेते." दोष खरंच किरकोळ असेल तर ते तयार होतात.

ज्यांना फोनशी खटपट करायला आवडतं त्यांच्यासाठी एक जास्तीची युक्ती आहे. बऱ्याच कीबोर्डना मागे प्रिंटरसारखा चौकोनी यूएसबी सॉकेट असतो. तिथून ओटीजीने फोनला जोडलं आणि फोनवर मिडी संदेश, म्हणजे पट्टी दाबल्यावर कीबोर्ड पाठवतो ती माहिती, दाखवणारं ॲप असलं, तर प्रत्येक पट्टीचा जोर १ ते १२७ या आकड्यांत दिसतो. हळू दाबल्यावर शेजारच्या पट्ट्या ३०-४० दाखवत असताना एखादी पट्टी १२७ दाखवते, ती आजारी. कानाला संशय येतो, इथे आकडाच दिसतो. फोनने कीबोर्ड ओळखलाच नाही तर तो दोष धरू नका, काही मॉडेल फोनशी जुळत नाहीत.

बाकीचं भराभर

व्हॉल्यूमचं बटण पूर्ण फिरवा. खरखर आली तर आतला भाग मळलाय, किरकोळ आहे. सगळ्यात खालच्या तीन-चार पट्ट्या मोठ्या आवाजात वाजवा. स्पीकर फाटलेला असेल तर पतंगाच्या कागदासारखा फडफडतो. हेडफोन लावा, बाहेरचा आवाज बंद झाला पाहिजे, आणि काढल्यावर परत आला पाहिजे. हेडफोन काढूनही स्पीकर मुकेच राहिले तर सॉकेट अडकलाय.

सूर वाकवणारं चाक असेल तर ते सोडल्यावर मधोमध परत येतं का ते बघा, आणि मग पांढरी सहा, म्हणजे मधल्या सप्तकातला ए, ट्यूनरवर ४४० दाखवतो का तपासा. दुसराच सूर दाखवला तर आधी ट्रान्स्पोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय, शून्यावर आहे का पाहा, बहुतेक वेळा कारण तेच निघतं. पडद्यावरचे आकडे अर्धवट दिसत असतील तर लक्षात घ्या की रोजच्या वापरात तेच वाचायचे आहेत. अधिक-उणेची आणि सुरू-थांब ही बटणं सगळ्यात आधी मरतात, ती दहा-दहा वेळा दाबा.

भाव: एक खरा हिशेब

गेल्या मे महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांबरोबर इंदिरानगरला यामाहाचा पीएसआर-आय ४५५ बघायला गेले होते. आपल्याकडच्या तालांसह येणारं हे मॉडेल आता बंद झालंय. विकणाऱ्या काकूंचा मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला होता. कीबोर्ड २०१७ चा, वर कापडी आवरण, सोबत एक्स आकाराचा स्टँड. मागितले १३,०००.

"काकू, मी जरा सगळ्या पट्ट्या वाजवून बघू का? अर्धा तास लागेल," मी विचारलं.

"बघा की. चहा ठेवते तोवर."

तळ स्वच्छ होता, बॅटरीचा खण कोरा. ॲडॅप्टर मूळचा नव्हता, लोकल होता, पण १२ व्होल्ट आणि चिन्ह बरोबर. पिन हलवल्यावर आवाज एकदा तुटला. दोष सॉकेटचा की पिनचा? मी कीबोर्डकडची बाजू घट्ट धरली आणि फक्त वायर वाकवली. तरी तुटला, म्हणजे ॲडॅप्टरचीच वायर खराब होती. टच बंद होता, चालू केला. एकसष्टांपैकी कागदावर चार खुणा झाल्या. मधल्या सप्तकातला म आणि त्याच्यावरचा ध यांना बाण, वरच्या सप्तकातल्या एका काळीला टिंब आणि आणखी एका पांढरीला टिंब. अंतरं मोजली, कुठेही सारखी नव्हती. बाकी सगळं ठीक.

मग मी माझा नेहमीचा हिशेब मांडला. नव्या मॉडेलचा दुकानात मिळालेला भाव हा पाया. दोन वर्षांच्या आतला, बिलासकट आणि निर्दोष असेल तर मी त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत जाते. तीन ते पाच वर्षांचा असेल तर साठ ते पंचावन्न. त्याहून जुना आणि मॉडेल बंद झालेलं असेल तर पंचेचाळीस, कारण पुढे सुटे भाग मिळणं अवघड होत जातं. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि सोबतच्या उपयोगी वस्तूंची किंमत मिळवायची. हे प्रमाण माझ्या अनुभवातलं आहे. कोणी पाच टक्के इकडे-तिकडे धरेल, पण पाया आणि वजाबाकी मांडलेली असली की घासाघीस भांडणावर जात नाही.

त्याच श्रेणीतल्या नव्या आय ५०० ला आम्हाला दुकानात २२,५०० सांगितले होते. त्याचे पंचेचाळीस टक्के म्हणजे १०,१२५. उघडून साफ करायला १,००० धरले, मूळ ॲडॅप्टरला १,३००. राहिले ७,८२५. स्टँड आणि आवरणाचे ७०० मिळवले, तर ८,५२५.

मी कागद काकूंसमोर ठेवला आणि त्या दोन बाणांच्या पट्ट्या त्यांना हळू दाबून बघायला सांगितल्या. त्यांनी म दाबला आणि दचकल्या.

"अगं बाई, हा एवढा का ओरडतो? मुलगा वाजवायचा तेव्हा कधी लक्षात नाही आलं."

"टच बंद होता काकू, म्हणून कळलं नाही. साफ केल्यावर बहुतेक जाईल. पण खर्च आहे, आणि ॲडॅप्टरही नवा घ्यावा लागेल."

"मुलगा म्हणाला होता, दहाच्या खाली देऊ नको म्हणून."

"मुलाला हा हिशेब पाठवा. तुमच्या दृष्टीनेही बघितलं पाहिजे, स्टँड तुम्ही चांगला दिलाय."

त्यांनी कागदाचा फोटो काढून मुलाला पाठवला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. दोन पट्ट्या ओरडतात हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने टच बंद ठेवला होता, असं त्याने सरळ सांगितलं. ८,७०० वर ठरलं.

पैसे तिथेच, वाद्य ताब्यात घेऊन, यूपीआयने दिले. एका कागदावर मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि दोघांची नावं लिहून दोघांनी सह्या केल्या. बिल नसेल तेव्हा एवढं तरी करावंच. पुढे कधी ते चोरीचं असल्याचा प्रश्न आला, तर आपण कोणाकडून आणि केव्हा घेतलं हे दाखवता येतं. नेताना गाडीच्या डिकीत उभा ठेवला नाही, मागच्या सीटवर आडवा ठेवला. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत वाद्य सोडून कुठे थांबायचं नाही, हेही त्या वडिलांना सांगितलं.

आठ दिवसांनी दुरुस्तीवाल्या दादांकडे तो उघडला तेव्हा मी मुद्दाम गेले. मच्या आणि धच्या खालच्या रबरावर पेन्सिल खोडल्यावर पडतो तसा खोडरबराचा बारीक चुरा बसला होता. मुलगा कीबोर्डवरच वही ठेवून अभ्यास करत असणार. त्या दोन्ही आणि टिंबाची पांढरी नीट झाली. काळीखालचा कार्बनचा ठिपका झिजून करडा पडला होता. दादांनी सगळ्यात वरच्या टोकाच्या, जवळजवळ कधीच न वाजणाऱ्या पट्ट्यांखालचा रबराचा तुकडा काढून तिथे बसवला आणि तिथला झिजका तुकडा वर नेला. खर्च ९०० आला.